एका पत्रात दोन हिशेब: भाडेवाढ आणि थकलेले वीजबिल

वाचकाचे पत्र

नाशिकला आमचा एक फ्लॅट आहे. 1 ऑगस्ट 2024 पासून 36 महिन्यांसाठी, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार करून, तो एका तरुण नोकरदाराला दिला आहे. भाडे 12,000 रुपये, अनामत 36,000 रुपये. करारात दर बारा महिन्यांनी 5 टक्के वाढ लिहिली आहे, पण गेल्या वर्षी मी ती मागितलीच नाही. तो 12,000 पाठवतो आणि मी घेते. आता त्याच मजल्यावरच्या फ्लॅटला 15,000 मिळतात. विजेचा मीटर माझ्या नावावर आहे आणि बिल भाडेकरूने भरायचे असे ठरले आहे. फेब्रुवारी ते मे 2026 अशी चार बिले त्याने भरलेली नाहीत. चारही बिलांची बेरीज 15,920 रुपये होते. विचारले तर “मीटर पळतो” म्हणतो. मी पत्राचा मसुदा केला आहे: “1 जुलैपासून भाडे 15,000 राहील. वीजबिलाचे 15,920 रुपये आठ दिवसांत द्यावेत, अन्यथा वीज बंद करण्यात येईल व रक्कम अनामतीतून वळती करण्यात येईल.” हे पत्र पाठवू का? भाषा अजून कडक हवी का?

— एक घरमालकीण, नाशिक

उत्तर

हे पत्र पाठवू नका. भाषा मवाळ आहे म्हणून नव्हे, तर त्यातील एकही आकडा टिकणारा नाही आणि शेवटच्या वाक्यात तुम्ही स्वतःलाच अडचणीत आणता म्हणून. तुमची बाजू मुळात भक्कम आहे. चुकीच्या आकड्यांचे पत्र एकदा हातात पडले की समोरचा माणूस मूळ थकबाकीबद्दल बोलणे सोडून त्या चुकांबद्दलच बोलू लागतो.

प्रथम विजेकडे वळतो, कारण सर्वांत मोठी चूक तेथे आहे. तुम्ही चार बिलांवरच्या “भरावयाची रक्कम” या ओळींची बेरीज केली आहे. महावितरणचे बिल एका महिन्यापुरते सुटे नसते; मागची रक्कम भरली नसेल तर ती “थकबाकी” म्हणून पुढच्या बिलात चढते आणि त्यावर विलंब आकारही लागतो. म्हणजे फेब्रुवारीची रक्कम मार्च, एप्रिल आणि मे या तिन्ही बिलांत पुन्हा बसलेली आहे. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या चार प्रतींवरून मी महिनावार मांडणी केली. फेब्रुवारीचे चालू बिल 1,140 रुपये, मार्चचे 1,310, एप्रिलचे 2,260 आणि मेचे 2,780 रुपये आहे. या चार चालू रकमांची बेरीज 7,490 रुपये होते. त्यात विलंबापोटी मार्चमध्ये 14, एप्रिलमध्ये 22 आणि मेमध्ये 44 असे 80 रुपये वाढले आहेत. एकूण 7,570 रुपये, आणि मेच्या बिलावर शेवटी नेमका हाच आकडा छापलेला आहे. थकलेले पैसे किती, हे पाहायला नेहमी शेवटचे बिल पुरते. आधीची बिले फक्त कोणत्या महिन्याचे किती, हे दाखवण्यासाठी लागतात. तुमच्या मसुद्यात खऱ्या रकमेच्या दुपटीहून अधिक मागणी गेली असती.

आणखी एक कागद तुमच्या प्रतींमध्ये आहे, जो तुम्ही सुदैवाने बेरजेत धरला नाही. तो अतिरिक्त सुरक्षा ठेवीचा आहे. महावितरण वर्षातून एकदा मागच्या वर्षाच्या वापरावरून ठेव किती हवी हे ठरवते आणि फरकाचे वेगळे बिल पाठवते. ते बहुधा उन्हाळ्यातच हातात पडते. ही ठेव तुमच्या नावावर जमा राहते, तिच्यावर तुम्हाला व्याज मिळते आणि जोडणी बंद केली तर ती तुम्हालाच परत मिळते. करारात स्पष्ट लिहिले नसेल तर ती रहिवाशाकडून मागू नये.

मीटर पळतो या तक्रारीला “बहाणे नकोत” असे उत्तर देऊ नका, कारण तिला मोजून उत्तर देता येते. बिलावर मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि वापरलेले युनिट असतात. शिवाय आधीच्या महिन्यांचा वापरही दिलेला असतो. प्रथम पाहावे की चारही महिन्यांत प्रत्यक्ष रीडिंग घेतले आहे की कोठे घर बंद असल्यामुळे सरासरीने बिल आले आहे. सरासरीचे असेल तर पुढच्या प्रत्यक्ष रीडिंगनंतर ते दुरुस्त होते आणि तोवर वाद घालण्यात अर्थ नसतो. तुमची चारही बिले प्रत्यक्ष रीडिंगची आहेत. मग मागच्या वर्षाचे तेच महिने काढावेत. एप्रिल 2025 मध्ये 188 युनिट होते, यंदा 195. मेमध्ये 221 होते, यंदा 230. तेच घर, तोच माणूस, जवळपास तोच वापर. मीटर अचानक वेगाने धावू लागला असता तर हा फरक सात-नऊ युनिटांवर थांबला नसता.

मग त्याला तसे का वाटते? कारण फेब्रुवारीत 120 युनिटला 1,140 रुपये आले आणि एप्रिलमध्ये 195 युनिटला 2,260. वापर दीडपटीच्या थोडा पुढे गेला, पण रक्कम दुपटीला टेकली. घरगुती दरात पहिल्या 100 युनिटांचा दर बराच कमी असतो आणि 101 ते 300 या टप्प्याचा दर त्याच्या दुपटीच्या आसपास जातो. उन्हाळ्यात वाढलेले सगळे युनिट या महाग टप्प्यात पडतात. हे त्याला एकदा कागदावर दाखवा. तरीही शंका उरली तर मीटर तपासणीचा अर्ज महावितरणकडे शुल्क भरून करता येतो. मात्र जोडणी तुमच्या नावावर असल्याने अर्जावर सही तुमची लागेल. पत्रात तुम्ही स्वतःहून तशी तयारी दाखवावी, शुल्क त्याने द्यावे आणि मीटर सदोष निघाल्यास ते तुम्ही परत करावे. बहुतेक वेळा अशी तयारी दाखवल्यावर मीटरचा विषय संपतो.

आता वीज बंद करण्याची धमकी. ती काढून टाका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 29 नुसार घरमालकाने पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचा वीज, पाणी असा अत्यावश्यक पुरवठा तोडणे हा गुन्हा आहे आणि त्याला कैदेचीही तरतूद आहे. तुमचा रहिवासी कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नसून लायसेन्सी आहे, त्यामुळे हे कलम त्याला तंतोतंत लागू होते का, यावर वकील वाद घालतील. पण तो वाद पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात स्वतःच्या खर्चाने घालण्याची हौस तुम्हाला नसावी. फ्यूज काढणारी घरमालकीण ही थकबाकीदारापेक्षा अधिक दोषी दिसते. थकबाकीसाठी वीज तोडण्याचा अधिकार वितरण कंपनीला आहे, आणि तिलाही विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 56 प्रमाणे आधी किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

आणि ती नोटीस येईल तुमच्या नावाने. येथेच तुमची खरी जोखीम आहे. महावितरणच्या दृष्टीने ग्राहक तुम्ही आहात. आत कोण राहतो आणि तुमचे त्याच्याशी काय ठरले आहे, याच्याशी कंपनीला कर्तव्य नाही. जोडणी तुटली, मीटर काढून नेला, तर थकबाकी आणि पुन्हा जोडणीचा खर्च भरल्याशिवाय त्या फ्लॅटला वीज मिळणार नाही, मग तो तरुण तोवर दुसरीकडे राहायला गेलेला असला तरी. म्हणून माझा सल्ला तुम्हाला कदाचित रुचणार नाही: पत्र पाठवण्याआधी 7,570 रुपये तुम्ही स्वतः भरा. मेच्या बिलाची मुदत 18 जून आहे, त्याच्या आत भरले तर नवा विलंब आकार लागणार नाही. भरण्यापूर्वी महावितरणच्या ॲपवर बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून त्याने मधल्या काळात परस्पर काही रक्कम भरली आहे का, हे पाहून घ्या. पावती हातात आली की तुमची मागणी बदलते. “तू बिल भर” असे सांगण्याऐवजी “तुझ्या वापराचे पैसे मी भरले, ही पावती, ते मला परत कर” असे तुम्ही म्हणता, आणि या मागणीला मीटर, महावितरण, न मिळालेले बिल अशा सबबी चिकटत नाहीत.

येथे तुम्हाला एक अप्रिय प्रश्नही विचारतो. बिलाचा संदेश नोंदवलेल्या मोबाईलवर येतो आणि तो मोबाईल तुमचा आहे. चार महिने थकबाकी वाढल्याचे संदेश तुमच्याकडे येत होते. तुम्ही ते पुढे पाठवले का? पाठवले नसतील आणि कागदी बिल त्याला मिळाले नव्हते असे तो म्हणाला, तर ते 80 रुपये विलंब आकाराचे सोडून द्या. ऐंशी रुपयांसाठी साडेसात हजारांचा विषय भरकटू देऊ नये.

भाड्याकडे येऊ. 15,000 चा आकडा या पत्रात येऊच शकत नाही. लिव्ह अँड लायसन्स करार चालू असताना भाडे बाजारभावाने बदलत नाही; ते करारात लिहिल्याप्रमाणे बदलते किंवा दोघांच्या नव्या लेखी संमतीने बदलते. 1999 च्या अधिनियमाच्या कलम 24 मध्ये असे स्पष्टीकरण आहे की, लेखी लायसन्स करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जाईल. बहुतेक घरमालक हे कलम फक्त घर खाली करून घेण्यासाठी लक्षात ठेवतात, पण ते दोन्ही बाजूंनी कापते. तुमच्या कराराची प्रत पाहता त्यात भाड्याचा तक्ताच आहे: पहिले 12 महिने 12,000 रुपये, 13 ते 24 महिने 12,600 रुपये आणि 25 ते 36 महिने 13,230 रुपये. मुद्रांक शुल्कही तुम्ही या वाढीव रकमा धरूनच भरलेले आहे. त्यामुळे 1 ऑगस्ट 2026 पासून तुमचा हक्क 13,230 रुपयांवर आहे, त्याहून एका रुपयावरही नाही. शेजारच्या फ्लॅटचे 15,000 हे 31 जुलै 2027 ला करार संपल्यावर नव्या करारात बोलायचे आहेत.

एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. 5 टक्क्यांची वाढ नुसत्या वाक्यात असती तर ती कशावर मोजायची, प्रत्यक्ष दिल्या गेलेल्या 12,000 वर की देय असलेल्या 12,600 वर, असा प्रश्न निघाला असता. पहिल्या हिशेबाने यंदाचे भाडे 12,600 येते, दुसऱ्याने 13,230. तक्त्यात आकडेच छापलेले असल्यामुळे तो प्रश्न तुमच्यापुरता मिटला आहे. ज्यांच्या करारात तक्ता नाही, त्यांनी पुढचा करार करताना तो घालून घ्यावा.

राहिला गेल्या वर्षीचा फरक. ऑगस्ट 2025 पासून जून 2026 पर्यंत 11 महिने, दरमहा 600, म्हणजे 6,600 रुपये. करारानुसार ही रक्कम तुमची आहे आणि दिवाणी मागणीची तीन वर्षांची मुदतही संपलेली नाही. पण अकरा महिने तुम्ही 12,000 रुपये बिनतक्रार स्वीकारलेत, बहुधा उलट “मिळाले, धन्यवाद” असा संदेशही पाठवला असेल. तुम्ही वाढ सोडून दिली असे मी समजलो, हे त्याचे म्हणणे अगदीच पोकळ ठरणार नाही. माझे मत असे की, हा फरक मागून मिळवण्यापेक्षा सोडून काहीतरी मिळवण्यासाठी वापरावा. विजेचे पैसे 30 जूनपर्यंत आले आणि जुलैपासून भाडे तक्त्याप्रमाणे सुरू झाले, तर 6,600 रुपये सोडण्याची तयारी पत्रातच दाखवा. तसे न झाल्यास तो हक्क कायम राहील असेही लिहा. तुमच्या हातात खरी सवलत देण्याजोगी एवढीच गोष्ट आहे आणि ती देऊनही पुढच्या तेरा महिन्यांचे भाडे बिनतक्रार रुळावर येत असेल, तर व्यवहार तोट्याचा नाही.

अनामतीतून वळते करण्याबद्दल थोडक्यात. तुमच्या करारात अनामत ही मुदतीअखेर, येणे वजा करून, परत करायची आहे; मधेच कापून ती पुन्हा भरून मागण्याचे कलम नाही. आताच 7,570 कापले तर तुमच्या हातातले तारण तेवढ्याने घटेल आणि त्याला मात्र पैसे चुकते केल्याचे समाधान मिळेल. अनामत शेवटपर्यंत अख्खी ठेवा.

आणखी एक बारीक बाब: पत्रात करारातलेच शब्द वापरा. बोलताना आपण सगळेच भाडेकरू म्हणतो आणि मीही या उत्तरात मासिक लायसन्स फीला भाडेच म्हटले आहे, पण तुमच्या सहीच्या कागदावर “लायसेन्सी” आणि “मासिक लायसन्स फी” असेच असावे. नोंदणीकृत करारामुळे एका शब्दाने तो भाडेकरू ठरणार नाही हे खरे, तरी उद्या कोणी तुमचेच पत्र तुमच्यापुढे धरावे अशी सोय आपण का करून द्यावी?

या सगळ्यानंतर पत्र साधारण असे होईल. वीज आणि लायसन्स फी हे दोन विषय एकाच पत्रात चालतील, पण त्यांची बेरीज करून एक आकडा काढू नका. एक मागणी मागच्या वापराची आहे आणि दुसरी पुढच्या महिन्यांची. एकीवर वाद झाला तरी दुसरीचे पैसे अडकू नयेत.

> दिनांक 15 जून 2026
>
> प्रति,
> श्री. ........, लायसेन्सी
> (फ्लॅटचा पत्ता, तसेच करारात दिलेला कायमचा पत्ता)
>
> विषय: वीजबिलाच्या रकमेची परतफेड आणि करारानुसार सुधारित मासिक लायसन्स फी.
>
> संदर्भ: आपल्यातील नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार (दस्त क्रमांक ........), मुदत 1 ऑगस्ट 2024 ते 31 जुलै 2027.
>
> महोदय,
>
> स.न.वि.वि. वरील करारानुसार सदनिकेतील वीजवापराचे बिल आपण भरावयाचे आहे. फेब्रुवारी 2026 ते मे 2026 या चार महिन्यांची चालू बिले अनुक्रमे 1,140, 1,310, 2,260 आणि 2,780 रुपयांची असून विलंबापोटीच्या 80 रुपयांसह एकूण 7,570 रुपये थकले होते. जोडणी खंडित होऊ नये म्हणून ही रक्कम मी 12 जून 2026 रोजी भरली आहे. चारही बिलांच्या व भरणा पावतीच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. सदर 7,570 रुपये आपण 30 जून 2026 पर्यंत माझ्या नेहमीच्या बँक खात्यात जमा करावेत.
>
> मीटरबाबत आपण तोंडी शंका व्यक्त केली होती. मागील वर्षी एप्रिल व मे महिन्यांत अनुक्रमे 188 व 221 युनिट वापर होता. यंदा तो 195 व 230 युनिट आहे. तरीही आपणास मीटरची तपासणी हवी असल्यास तसे लेखी कळवावे. तपासणीचे शुल्क आपण दिल्यास मी महावितरणकडे अर्ज करीन आणि मीटर सदोष आढळल्यास ते शुल्क परत देईन व बिलात होणारी दुरुस्ती आपणास मिळेल. तपासणीच्या कारणास्तव वरील भरणा थांबवू नये.
>
> यापुढे प्रत्येक बिल त्यावरील अंतिम तारखेच्या आत भरून पावतीची प्रत मला पाठवावी.
>
> करारातील तक्त्यानुसार मासिक लायसन्स फी 1 ऑगस्ट 2025 पासून 12,600 रुपये झालेली असून 1 ऑगस्ट 2026 पासून ती 13,230 रुपये होईल. आजवर आपण 12,000 रुपयांप्रमाणे भरणा केला आहे. जुलै 2026 ची फी 12,600 रुपये आणि ऑगस्ट 2026 पासून दरमहा 13,230 रुपये जमा करावेत.
>
> ऑगस्ट 2025 ते जून 2026 या 11 महिन्यांच्या फरकाचे 6,600 रुपये येणे आहेत. वीजबिलाची रक्कम वर दिलेल्या मुदतीत आणि जुलै व ऑगस्टची फी करारातील तारखेस पूर्ण जमा झाल्यास या फरकाची मागणी मी करणार नाही. तसे न झाल्यास हा फरक मागण्याचा माझा हक्क कायम राहील. आजवर कमी रक्कम स्वीकारल्यामुळे करारातील माझे कोणतेही हक्क मी सोडलेले नाहीत.
>
> हिशेबात काही चूक आढळल्यास 30 जूनपूर्वी लेखी कळवावे.
>
> कळावे,
> (सही)
> लायसन्सर
>
> सोबत: वीजबिलांच्या चार प्रती, भरणा पावती, करारातील तक्त्याच्या पानाची प्रत.

या पत्रात धमकी नाही, करार रद्द करण्याची भाषाही नाही, आणि ती मी हेतुपुरस्सर ठेवलेली नाही. करार मुदतीपूर्वी संपवायचा असेल तर करारातील कलमाप्रमाणे, तेथे दिलेल्या मुदतीची, वेगळी नोटीस द्यावी लागते; ती वकिलाकडून जावी आणि तीत हे पत्र संदर्भ म्हणून यावे. पैसे मागणे आणि घर खाली करायला सांगणे या दोन गोष्टी एकाच पत्रात आल्या की वाचणारा फक्त दुसरी वाचतो आणि पहिली राहून जाते.

पत्र दोन प्रतींत काढा. एक प्रत समक्ष द्या आणि दुसरीवर “मिळाले” असे लिहून तारखेसह सही घ्या. तो सही करायला तयार नसेल तर आग्रह धरू नका. पोचपावतीसह टपालाने पाठवा. रजिस्टर टपाल 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, त्यामुळे खिडकीवर स्पीड पोस्टच मागावे लागेल आणि पोचपावतीची सेवा वेगळी सांगून घ्यावी लागेल. फ्लॅटच्या आणि कायमच्या, अशा दोन्ही पत्त्यांवर पाठवा. त्याच दिवशी सही केलेल्या पत्राची पीडीएफ व्हॉट्सॲपवरही द्या, पण तेथे नुसती फाइल पाठवा. खाली “प्लीज लवकर बघ” किंवा “जमेल तसे दे” असे काही लिहू नका. 30 जूनची तारीख असलेल्या पत्राखाली “जमेल तसे” असे लिहिले की ती तारीख तुम्हीच पुसलेली असते.

त्यानंतर काय होईल, याच्या तीन शक्यता मला दिसतात. तो पैसे भरेल, मग विषय संपला. 7,570 मिळाल्याची पावती द्या आणि ऑगस्टची फी पूर्ण आल्यावर फरक सोडल्याचे दोन ओळींत लिहून कळवा, कारण सवलतही कागदावर असावी. दुसरी शक्यता अशी की, तो हप्ते मागेल. दोन हप्ते द्यायला हरकत नाही, पण ते तारखांसह त्याच्याकडून लेखी घ्या. त्या लेखी मागणीतच थकबाकीची कबुली येते.

तिसरी शक्यता म्हणजे काहीच उत्तर न देता 1 जुलैला पुन्हा 12,000 रुपये खात्यात येतील. येथे तुमच्या हातून पुन्हा तीच चूक व्हायला नको. पैसे परत पाठवू नका, पण त्याच दिवशी संदेश करा: “जुलै 2026 च्या 12,600 रुपयांपैकी 12,000 रुपये हक्क राखून अंशतः स्वीकारले. बाकी 600 रुपये.” दर महिन्याला, न चुकता, त्या महिन्याच्या आकड्यांसह. असे दोन महिने गेले आणि विजेचेही पैसे आले नाहीत, तर सगळे कागद घेऊन वकिलाकडे जा. आणि जाताना जूनचे नवे वीजबिल त्याने भरले की नाही, ते ॲपवर पाहून त्याची प्रतही काढून घ्या.